पंगतीत पुढे केलेले दोन्ही हात

आत्ता आपण पडद्यावर जी छोटी चित्रफीत पाहिली, ती नांदेडच्या श्री हुजूर साहिब गुरुद्वाऱ्याच्या परिसरातील लंगरमध्ये, म्हणजे सर्वांना मोफत जेवण देणाऱ्या सामूहिक स्वयंपाकघरात, चित्रित केलेली आहे. गुरुद्वाऱ्यात प्रथमच जाणाऱ्या मराठी माणसासाठी ती तयार केली असल्यामुळे तिच्यात कृती दिसतात, परंतु त्या कृतींमागची कारणे चार मिनिटांत सांगता येत नाहीत. म्हणून त्यातील एकाच प्रसंगाविषयी, म्हणजे पंगतीत बसल्यापासून उठेपर्यंतच्या वेळेविषयी, मी थोडे सविस्तर बोलणार आहे.

लंगरची परंपरा गुरू नानकांपासून चालत आली आहे. गुरू अंगद यांच्या पत्नी माता खीवी यांच्या लंगरमधील तुपाळ खिरीचा उल्लेख प्रत्यक्ष गुरू ग्रंथ साहिबमध्ये आहे, आणि एखाद्या स्वयंपाकघराची धर्मग्रंथाने अशी नोंद घ्यावी, ही मला नेहमीच फार हृद्य गोष्ट वाटते. पुढे तिसरे गुरू अमरदास यांनी गोइंदवाल येथे ‘पहिले पंगत, पाछे संगत’ असा दंडक घातला. भेटीला येणाऱ्याने आधी सर्वांच्या ओळीत बसून जेवायचे आणि मगच गुरूंना भेटायचे. बादशहा अकबरसुद्धा या पंगतीत बसला, असे परंपरा सांगते. त्या काळी कोणी कोणाच्या शेजारी बसून, कोणाच्या हातचे जेवावे हे जातीवरून ठरत असे. म्हणून पंगत ही केवळ जेवणाची सोय नव्हती; सारे जण एकाच जमिनीवर, एकाच उंचीवर बसतात, हाच तिचा आशय होता.

हे ध्यानात घेतले की बाकीचे शिष्टाचार आपोआप उलगडतात. चित्रफितीत तुम्ही पाहिले, की आत जाणारा माणूस जोडाघरात चपला ठेवतो, हातपाय धुतो आणि डोके झाकतो. रुमाल नसेल तर तो बहुधा प्रवेशद्वारापाशी मिळतो. तंबाखू, सिगारेट किंवा मद्य खिशातही नसावे. आपल्याकडे तंबाखूची पुडी सवयीने खिशात राहते, म्हणून हे मुद्दाम सांगतो. दरबारात माथा टेकून बसल्यावर गुरू ग्रंथ साहिबच्या दिशेने पाय पसरायचे नाहीत. कडाह प्रसाद, म्हणजे कणीक, तूप आणि साखर समप्रमाणात घेऊन केलेला शिरा, दोन्ही हातांची ओंजळ करून घ्यायचा.

आता पंगत. लांब पट्ट्या अंथरलेल्या असतात. जिथे ओळ संपते तिथे बसायचे. ओळखीच्यांसाठी मधली जागा राखून ठेवायची नाही. गुडघ्यांमुळे ज्यांना खाली बसणे शक्य नाही त्यांनी सेवादाराला, म्हणजे तेथे सेवा करणाऱ्या स्वयंसेवकाला, सांगावे; बसण्याची काही सोय असल्यास तो दाखवतो. समोर थाळी येते, मग बादलीतून डाळ आणि भाजी वाढत सेवादार पुढे सरकतात. पोळी वाढणारा आला, की नवख्या माणसाची हमखास चूक होते. तो थाळी पुढे करतो किंवा एका हाताने पोळी उचलायला जातो. येथे पोळीला ‘प्रशादा’ म्हणतात, ती प्रसादच असते, आणि म्हणून ती दोन्ही हात पुढे करूनच घ्यायची. चित्रफितीत एक वयस्कर गृहस्थ क्षणभर गोंधळतात, शेजारचा मुलगा स्वतःची ओंजळ करून दाखवतो आणि ते तसे करतात, हे दृश्य आम्ही याच कारणासाठी ठेवले. त्यांची परवानगी मात्र आधी घेतली होती. जेवणाऱ्यांचे चित्रण न विचारता करू नये.

अन्न शाकाहारी असते, ते यासाठी की कोणत्याही धर्माच्या माणसाला शंका न येता जेवता यावे. वाढणारे पुन्हा पुन्हा फिरतात, म्हणून पहिल्या वाढपात थोडेच घ्यावे. नको असेल तेव्हा हात जोडले की सेवादार पुढे जातो. उष्टे मात्र टाकायचे नाही. आपल्या लग्नाच्या पंगतीतल्या आग्रहाची सवय असलेल्यांना हे जरा कोरडे वाटेल, पण येथे आग्रह करणारा यजमान कोणी नसतो आणि पाहुणाही कोणी नसतो.

यावरूनच पैशांचा प्रश्न येतो. जेवणाची किंमत विचारू नये आणि वाढणाऱ्याच्या हातात नोट ठेवू नये. काही द्यायचे असेल तर गोलकीत, म्हणजे दानपेटीत, टाकावे किंवा शिधा द्यावा, मात्र जेवणाचा मोबदला म्हणून नव्हे. वेळ असेल तर आवारात पोळ्या लाटणाऱ्यांत, भाजी चिरणाऱ्यांत किंवा भांडी घासणाऱ्यांत विचारून बसावे. या कामाला सेवा म्हणतात आणि त्यासाठी शीख असण्याची अट नाही. जेवून झाले की थाळी स्वतः उचलून भांडी घेणाऱ्यांपाशी द्यायची आणि लगेच जागा मोकळी करायची, कारण आपण उठताच तेथील फरशी पुसली जाते आणि पुढची पंगत बसते.