पहिल्या गोळीआधीचं रक्त

[दृश्य: दंडाला आवळलेला पट्टा, कोपराच्या खळगीत सुई]

तापाचा आज सहावा दिवस. मुलगी १९ वर्षांची. सुरुवातीला संध्याकाळी नुसती कणकण असायची. मग दर दिवशी ताप थोडा थोडा वर चढत गेला आणि काल रात्री १०३ च्या पुढे गेला. डोकं ठणकतंय, जेवणावरची वासना उडालीय, पोट साफ होत नाही. संशय टायफॉइडचा आहे. हे रक्त कल्चरसाठी, म्हणजे त्यातले जंतू लॅबमध्ये वाढवून बघण्यासाठी निघतंय. अजून एकही अँटिबायोटिक तिच्या पोटात गेलेलं नाही, म्हणूनच आत्ता निघणारं हे रक्त मोलाचं आहे.

नर्स कातडी आधी स्पिरिटने पुसते, मग क्लोरहेक्सिडीनने, आणि ते पूर्ण सुकेपर्यंत थांबते. बाटलीचं रबरी बूचही पुसलं जातं. इथे घाई झाली तर कातडीवरचेच जंतू बाटलीत उतरतात आणि लॅबमध्ये तेच वाढतात.

सिरिंजकडे बघा. १० मिली भरल्याशिवाय ती सुई काढत नाही. टायफॉइडच्या रुग्णाच्या एक मिली रक्तात जेमतेम एखादा जिवंत जंतू असतो, पुष्कळदा तेवढाही नसतो. दोनच मिली रक्त घेतलं तर त्यात जंतू आलाच नाही असं सहज होतं. मग रिपोर्ट निगेटिव्ह येतो आणि कल्चर बदनाम होतं.

[दृश्य: ॲनिमेशन, आतड्याची आतली बाजू]

हा जंतू साल्मोनेला टायफी. दूषित पाण्यातून किंवा अन्नातून तो पोटात येतो आणि लहान आतड्याच्या शेवटच्या भागात, पायर्स पॅचेस नावाच्या गाठींच्या पुंजक्यांतून भिंतीत शिरतो. तिथे त्याला गिळायला पांढऱ्या पेशी येतात. तो गिळला जातो, पण मरत नाही. त्याच पेशींच्या आत राहून तो यकृत, प्लीहा आणि अस्थिमज्जेपर्यंत पोचतो. साधारण एक ते दोन आठवडे माणसाला काहीच जाणवत नाही. मग वाढलेले जंतू पुन्हा रक्तात उतरतात, आणि ताप सुरू होतो तो इथे. म्हणजे तापाचा पहिला आठवडा हा रक्तात जंतू सापडण्याचा सगळ्यात चांगला काळ. अँटिबायोटिकचे दोन-तीन डोस गेले की ही संधी झपाट्याने हातची जाते.

[दृश्य: पांढरं कार्ड, त्यावर निळा थेंब]

आता दुसरी तपासणी. विडाल. १८९६ मध्ये फर्नां विडाल यांनी ती मांडली. रुग्णाच्या सीरमचा एक थेंब, शेजारी मारलेल्या जंतूंचं रंगीत द्रावण. काडीने दोन्ही मिसळायचं आणि कार्ड मिनिटभर गोल फिरवायचं. सीरममध्ये अँटिबॉडी असतील तर निळ्या थेंबात बारीक दाणे धरतात. स्वस्त आहे, तासाभरात रिपोर्ट हातात येतो. तिची लोकप्रियता समजण्यासारखी आहे.

पण ती जंतू शोधत नाही, शरीराने दिलेलं उत्तर शोधते, आणि ते उत्तर उशिरा येतं. जंतूच्या आवरणाविरुद्धच्या ‘ओ’ अँटिबॉडी पहिल्या आठवड्याच्या शेवटी वाढायला लागतात, त्याच्या शेपट्यांविरुद्धच्या ‘एच’ त्यानंतर काही दिवसांनी. या मुलीचा विडालचा कागद पाहा: ओ १:८०, एच १:४०, म्हणजे सीरम ८० आणि ४० पट पातळ करेपर्यंत दाणे धरले. लॅबने १:१६० ही मर्यादा धरलेली असल्यामुळे खाली शिक्का आहे, ‘निगेटिव्ह’.

उलटही घडतं. साल्मोनेलाच्या इतर काही जातींमध्येही हेच ‘ओ’ अँटिजन, म्हणजे आवरणावरचे तेच घटक असतात. मागे कधीतरी टायफॉइड झालेला असेल, लस घेतलेली असेल, तर अँटिबॉडी आधीपासूनच रक्तात फिरत असतात. अशा माणसाला मलेरिया झाला तरी विडाल पॉझिटिव्ह येऊ शकते. त्याला टायफॉइडचं औषध सुरू होतं आणि मलेरिया तसाच राहतो. शास्त्राप्रमाणे विडाल दोनदा करायची, मध्ये दहा-चौदा दिवस जाऊ द्यायचे, आणि आकडा चौपट वाढला तरच तिला अर्थ द्यायचा. पण तापाने फणफणलेल्या माणसाला दहा दिवस थांबवून कोण ठेवणार? प्रत्यक्षात एकाच कागदावर निर्णय होतो. हीच आमची तक्रार आहे.

[दृश्य: कल्चर मशीनमध्ये सरकणाऱ्या बाटल्या]

त्या मुलीची बाटली इथे आहे, ३५ अंश सेल्सिअसला. आत जंतूंना पोसणारं द्रव आहे. जंतू वाढू लागले की कार्बन डायऑक्साइड सोडतात, आणि बाटलीच्या तळाची हिरवी चकती पिवळी पडते. मशीन दर दहा मिनिटांनी तो रंग तपासतं. बाटली पाच दिवस ठेवतात, पण टायफी बहुधा दोन दिवसांच्या आत बोलतो. ही बाटली २६व्या तासाला वाजली.

काचेवर एक थेंब, ग्रॅमचा रंग, आणि सूक्ष्मदर्शकाखाली गुलाबी काड्या. मॅकॉन्की प्लेटवर दुसऱ्या दिवशी फिकट, बिनरंगी ठिपके उगवतात. ही तिरकी नळी जवळून बघा: वरचा उतार लाल, तळ पिवळा, दोन्हींच्या सांध्यावर काळ्या रंगाची नुसती रेघ, आणि वायूचा एकही बुडबुडा नाही. टायफीची ही ओळख लॅबवाले लांबूनही चुकत नाहीत. तरी खात्रीसाठी त्याच्या खास अँटिसीरमचा थेंब टाकला जातो.

यानंतर येते ती गोष्ट, जी विडाल कधीच देऊ शकत नाही. प्लेटभर हाच जंतू पसरून त्यावर औषधांच्या चकत्या ठेवल्या आहेत. सिप्रोफ्लॉक्सासिनच्या चकतीला जंतू थेट खेटून वाढलाय, म्हणजे हे औषध त्याच्यावर चालत नाही. सेफ्ट्रियाक्सोनभोवती मात्र रुंद, स्वच्छ वर्तुळ. रक्त काढल्याबरोबर मुलीला सेफ्ट्रियाक्सोन शिरेतून सुरू झालंच होतं, रिपोर्टसाठी कोणी हातावर हात ठेवून बसलं नव्हतं. आता ते योग्य असल्याचा पुरावा आला.

कल्चरलाही मर्यादा आहेत. दहा खऱ्या रुग्णांपैकी साधारण सहाच जण त्यात सापडतात. अस्थिमज्जेच्या कल्चरमध्ये जास्त सापडतात, औषध सुरू झाल्यावरही काही दिवस, पण त्यासाठी हाडात सुई घालावी लागते. म्हणून निगेटिव्ह कल्चर म्हणजे टायफॉइड नाही, असं नव्हे.

[दृश्य: प्रकाशपेटीवर छातीचा एक्स-रे]

हा एक्स-रे दुसऱ्या रुग्णाचा. ताप १९ दिवस, एका विडालवर दोनदा बदललेल्या गोळ्या, कल्चर कधीच नाही. उजव्या बाजूला यकृताच्या वर ही काळी चंद्रकोर दिसते ना, ती हवा आहे. ती आतड्यात असायला हवी होती.

यकृतातले जंतू पित्ताशयात उतरतात आणि पित्ताबरोबर पुन्हा आतड्यात येतात. पुन्हा त्याच पायर्स पॅचेसवर धडकतात. पण या गाठी आता त्या जंतूला ओळखतात, आणि दुसऱ्या खेपेला दाह कितीतरी जोरात होतो. गाठी सुजतात, त्यांचा रक्तपुरवठा तुटतो, वरचं आवरण मरून गळतं आणि आतड्याच्या लांबीला धरून लंबगोल व्रण उरतात. व्रणात रक्तवाहिनी सापडली तर रक्तस्राव. व्रण आरपार गेला तर भोक. हे सहसा तिसऱ्या आठवड्यात होतं, कधी ताप उतरू लागलेला असतानाही. पोट एकाएकी भयंकर दुखतं आणि लाकडासारखं कडक होतं, नाडी धावते, रक्तदाब पडतो. मग शस्त्रक्रिया, अतिदक्षता विभाग, आणि काहीजण वाचत नाहीत.

[दृश्य: तापाचा तक्ता]

मुलीचा ताप औषधाच्या पाचव्या दिवशी उतरला. योग्य औषधालाही एवढे दिवस लागतात, तेव्हा तिसऱ्याच दिवशी घाबरून औषध बदलायचं नसतं. कोर्स पूर्ण झाल्यावरही दोन-तीन आठवड्यांनी ताप उलटू शकतो. तसा तो आला, तर या आजाराने वाढलेली विडाल तेव्हा काहीच सांगू शकणार नाही, कारण ती महिनोन्‌महिने पॉझिटिव्ह राहते. तिच्या डिस्चार्ज कार्डावर डॉक्टरांनी म्हणून लिहून दिलंय: पुन्हा ताप आल्यास औषध घेण्याआधी ब्लड कल्चर.