धावफलक तपासायचा तर आधी चेंडू मोजा

(सोलापुरात क्लब आणि शाळांच्या सामन्यांचे धावफलक लिहिणाऱ्यांसमोर दिलेलं व्याख्यान, बोलण्याची भाषा ठेवून संपादित)

मंडळी, पार्कवर सामना संपला की थोड्याच वेळात धावफलकाचा फोटो मोबाईलवर येतो. त्यात स्ट्राइक रेट असतो, रन रेट असतो, स्पर्धा असेल तर नेट रन रेटही. आपण ते आकडे वाचून पुढे सरकतो. आज मला एवढंच सांगायचंय की हे तिन्ही दर चेंडूंच्या मोजणीवर उभे आहेत. मोजणी चुकली असेल तर भागाकार कितीही बिनचूक करा, उत्तर चुकीचंच येणार. म्हणून तपासणी दरापासून सुरू करू नका, चेंडूंपासून करा.

एक उदाहरण घेऊ. समजा एका संघाने १८.४ षटकांत १५७ धावा केल्या. अठरा पूर्ण षटकांचे १०८ चेंडू आणि वरचे चार, म्हणजे ११२ वैध चेंडू. अवांतर धावांत तीन नो-बॉल आणि चार वाईड आहेत, सगळे एकेका धावेचे. आता प्रत्येक फलंदाजासमोर लिहिलेल्या चेंडूंची बेरीज करा. ती किती यायला हवी? ११२ नव्हे. ११२ अधिक तीन, म्हणजे ११५.

असं का, ते नीट समजून घ्या. नो-बॉल षटकात धरत नाहीत, पण फलंदाजाने तो खेळलेला असतो. त्यावर तो बॅटने षटकारही मारू शकतो, म्हणून त्याच्या खात्यात तो चेंडू धरतात. वाईडवर बॅटची धाव मिळूच शकत नाही, म्हणून वाईड फलंदाजाच्या खात्यातही नाही आणि षटकातही नाही. बाय आणि लेगबायचे चेंडू मात्र खेळलेलेच, त्यांना वगळायचं नाही. म्हणजे नियम एवढाच: फलंदाजांच्या चेंडूंची बेरीज बरोबर वैध चेंडू अधिक नो-बॉल.

समजा बेरीज ११९ आली. ११५ पेक्षा चार जास्त, आणि वाईडही चारच. लिहिणाऱ्याने वाईड फलंदाजांच्या खात्यात टाकले असणार. बेरीज ११२ आली, तर नो-बॉल सुटले असण्याची शक्यता आधी पाहा. फरक किती आहे यावरून चूक कुठे शोधायची ते कळतं, आणि म्हणूनच मला ही तपासणी सगळ्यात आवडते. यातले दोन वाईड एकाच फलंदाजाला टाकलेले असतील, त्याच्या ४१ धावा असतील आणि चेंडू ३० ऐवजी ३२ लागले असतील, तर त्याचा स्ट्राइक रेट १३६.६७ वरून १२८.१३ वर येतो. निवड समितीसमोर कागद जातो तेव्हा एवढा फरक त्या पोराला भोवतो.

या तपासणीला मर्यादा आहेत. एका फलंदाजाचा चेंडू दुसऱ्याच्या नावावर गेला तर बेरीज जुळते आणि चूक लपून राहते. ती चेंडू-चेंडूची नोंद पाहूनच सापडते. दुसरं, पंचांनी चेंडू मोजण्यात चूक केली आणि षटक पाच किंवा सात चेंडूंत संपवलं, तर नियमानुसार पंचांनी मोजलेलं षटकच कायम राहतं. अशा वेळी बेरीज एका चेंडूने हलेल. ती ओढूनताणून जुळवू नका, शेजारी शेरा लिहा.

आता रन रेट. १८.४ मधला टिंब दशांशाचा नाही. चार चेंडू म्हणजे सहातले चार, ०.६७ षटक. पण कॅल्क्युलेटरला ते कसं कळणार? १५७ भागिले १८.४ केलं की ८.५३ येतं. खरं उत्तर १५७ गुणिले ६ भागिले ११२, म्हणजे ८.४१. ही चूक नेहमी एकाच बाजूला पडते: षटकं खऱ्यापेक्षा कमी धरली जातात आणि दर खऱ्यापेक्षा जास्त दिसतो. त्यामुळे मी षटकांनी भागतच नाही. चेंडू करायचे, धावांना सहाने गुणायचं, मग भागायचं.

नेट रन रेट म्हणजे आपण दर षटकाला केलेल्या धावा वजा आपण दिलेल्या धावा. त्यात दोन गोष्टी हमखास चुकतात. संघ सर्वबाद झाला तर खेळलेली षटकं धरायची नाहीत, त्याच्या वाट्याची पूर्ण षटकं धरायची. आणि प्रत्येक सामन्याचा नेट रन रेट काढून त्यांची सरासरी घ्यायची नाही. स्पर्धेतल्या सगळ्या धावा आणि सगळे चेंडू एकत्र करायचे, मगच भागायचं.

२०२३ च्या आशिया चषकाचंच पाहा. ५ सप्टेंबरला लाहोरला अफगाणिस्तानसमोर श्रीलंकेच्या २९१ धावा होत्या. त्याआधी बांगलादेशाविरुद्ध अफगाणिस्तान ४४.३ षटकांत २४५ वर सर्वबाद झाला होता आणि त्याने ३३४ धावा दिल्या होत्या. सर्वबाद, म्हणून ते २४५ तीनशे चेंडूंतले धरायचे. श्रीलंकेने बांगलादेशाला १६४ वर सर्वबाद करून ३९ षटकांत १६५ केल्या होत्या. पुढे जायला अफगाणिस्तानने २९२ धावा ३७.१ षटकांत करायच्या होत्या.

हे ३७.१ आलं कुठून? ३७.१ म्हणजे २२३ चेंडू. अफगाणिस्तानच्या एकूण धावा ५३७, चेंडू ५२३, दर ६.१६१. दिलेल्या धावा ६२५, चेंडू ६००, दर ६.२५. नेट रन रेट उणे ०.०८९. श्रीलंकेच्या केलेल्या धावा ४५६, चेंडू ५३४. दिलेल्याही ४५६च, पण ५२३ चेंडूंत. नेट उणे ०.१०८. अफगाणिस्तान पुढे. आता त्याच २९२ साठी एकच चेंडू जास्त लावा: अफगाणिस्तान उणे ०.१०१, श्रीलंका उणे ०.०९८. श्रीलंका पुढे. दोन दशांशांपर्यंतच लिहिलं असतं तर दोघंही उणे ०.१० दिसले असते. म्हणून गुणतक्त्यात किमान तीन दशांश ठेवा.

मैदानावर काय झालं? धावसंख्या २८९ असताना ३७.१ व्या चेंडूवर मुजीब बाद झाला. संधी गेली असं अनेकांना वाटलं, पण ती गेली नव्हती. विजयाचा फटका षटकार असेल तर धावा २९२ वर थांबत नाहीत. २९५ धावा ३७.४ षटकांत झाल्या असत्या, तर अफगाणिस्तान उणे ०.०९० आणि श्रीलंका उणे ०.११२. म्हणजे पुढच्या तीन चेंडूंपैकी कुठल्याही एकावर षटकार पुरला असता. शेवटच्या फलंदाजाने दोन चेंडू नुसते खेळून काढले, तिसऱ्यावर तो पायचीत झाला. दुसऱ्या टोकाला राशिद खान उभाच होता. ही समीकरणं आम्हाला कोणी कळवलीच नाहीत, असं प्रशिक्षक जोनाथन ट्रॉट यांनी सामन्यानंतर सांगितलं.

आपल्याकडे साखळीतल्या शेवटच्या सामन्याच्या मध्यंतरात स्कोअररला हे करता येतं. एका कागदावर डावीकडे चेंडू लिहा, आणि प्रत्येक चेंडूपुढे तोवर किती धावा झाल्या तर संघ पुढे जाईल तो आकडा. लक्ष्याला एक धाव कमी पडली तर काय, बरोबरीत असताना चौकार किंवा षटकार बसला तर काय, या ओळी वेगळ्या काढा. कागदाच्या दोन प्रती करा आणि डाव सुरू होण्याआधी दोन्ही कर्णधारांच्या हातात द्या.