जळालं किती, त्यात कर्ब किती?

[दृश्य: कृषी महाविद्यालयाची मृदा प्रयोगशाळा. टेबलावर चिनी मातीच्या लहान मुशी एका ओळीत. खिडकीबाहेर कपाशीचं रान.]

निवेदन:
ही काळी माती. विदर्भातली, कपाशीच्या शेतातली. सावलीत वाळवली, लाकडी ठोकळ्याने हलकेच फोडली, 2 मिलिमीटरच्या चाळणीतून गाळली. मुळांचे तुकडे, पऱ्हाटीच्या काड्या, चुनखडीचे खडे वर राहिले, ते बाजूला काढले. आता प्रश्न एवढाच की या मातीत सेंद्रिय कर्ब किती आहे.

त्याचं उत्तर काढायची सगळ्यात साधी रीत म्हणजे माती जाळायची. आधी वजन करायचं, मग भट्टीत ठेवायची, पुन्हा वजन करायचं. जे कमी झालं ते सेंद्रिय पदार्थ. रसायन नाही, आम्ल नाही, टायट्रेशन नाही. प्रयोगशाळेत याला सगळे ‘एलओआय’ म्हणतात, म्हणजे प्रज्वलनाने होणारी वजनातली घट.

ऐकायला सरळ वाटतं. आता काट्यावर काय दिसतं ते बघू.

[दृश्य: चार दशांशांचा वजनकाटा. काचेचं दार बंद होतं.]

निवेदन:
रिकामी मूस 24.312 ग्रॅम. तिला भट्टीत तापवून, थंड करून मगच हे वजन घेतलंय. नव्या किंवा नुसत्या धुतलेल्या मुशीत ओल दडलेली असते. मुशीच्या बुडावर क्रमांक कोरलेला आहे. मार्करने लिहिलेला आकडा भट्टीत जळून जातो, आणि मग वीस सारख्या मुशींपुढे माणूस डोकं धरून बसतो. म्हणून भट्टीतल्या मांडणीचं चित्र वहीत काढून ठेवायची सवय इथे सगळ्यांना आहे.

मुशीत माती घातली. रात्रभर 105 अंश सेल्सिअसच्या ओव्हनमध्ये ठेवली. सकाळी डेसिकेटरमध्ये, म्हणजे हवेतली ओल आत येऊ न देणाऱ्या बंद काचपात्रात, थंड केली. वजन 34.448. म्हणजे कोरडी माती 10.136 ग्रॅम.

एक खुलासा इथेच करतो. हे आकडे पद्धत कळावी म्हणून उदाहरणादाखल घेतले आहेत.

[दृश्य: मफल भट्टीचं दार उघडतं, आत नारिंगी उजेड.]

निवेदन:
आता भट्टी. किती तापवायची, यावर जगभरातल्या प्रयोगशाळांचं एकमत नाही. कुणी 360 अंशांवर दोन तास ठेवतं, कुणी 375 वर सोळा तास. तलावातल्या गाळाचा अभ्यास करणारे 550 वर चार तास ठेवतात. यातलं कुठलंही तापमान चूक नाही, पण प्रत्येकाचं उत्तर वेगळं येतं. म्हणून तापमान आणि वेळ न लिहिता दिलेला एलओआयचा आकडा काहीच सांगत नाही.

आपण 360 पासून सुरुवात केली. दोन तास. थंड करून वजन 34.136. घट 0.312 ग्रॅम, म्हणजे कोरड्या मातीच्या 3.08 टक्के.

आता या 3.08 टक्क्यांचा कर्ब करायचा. सेंद्रिय पदार्थात 58 टक्के कर्ब असतो असं धरून 1.724 ने भागायचं, हे प्रत्येक कृषी पदवीधराला पाठ आहे. उत्तर येतं 1.79 टक्के.

[दृश्य: विद्यार्थी वहीत आकडा लिहितो आणि थबकतो.]

विद्यार्थी: मॅडम, एक पॉइंट एकोणऐंशी? कपाशीच्या रानात?

प्रयोगशाळेतल्या मॅडम: तीच मूस परत भट्टीत घाल. आता 550 ला, चार तास. मग बोलू.

निवेदन:
दुसऱ्या दिवशी मुशीतली माती विटकरी लाल झालेली. वजन 33.860. आता घट 5.80 टक्के, आणि कर्ब त्याच सूत्राने 3.36.

मृद आरोग्य पत्रिकेत 0.75 टक्क्याच्या वर कर्ब गेला की ‘जास्त’ लिहितात. आणि ही साधी कोरडवाहू जमीन 3.36 टक्के दाखवतेय. याच मातीचा वॉकली-ब्लॅक पद्धतीने, म्हणजे पोटॅशियम डायक्रोमेट आणि गंधकाम्ल घालून केलेल्या जुन्या चाचणीने कर्ब आला होता 0.55.

मग भट्टीत जळालं काय?

[दृश्य: चिकणमातीच्या थरांचं साधं रेखाटन. थरांच्या मधे निळे ठिपके.]

निवेदन:
पाणी. काळ्या मातीत अर्ध्याहून जास्त चिकणमाती असू शकते, आणि तीही स्मेक्टाइट जातीची. पावसाळ्यात फुगणारी, उन्हाळ्यात भेगाळणारी. तिच्या थरांमधलं सगळं पाणी 105 अंशांना निघत नाही. काही चिकटून राहतं आणि भट्टीत जातं. याखेरीज खनिजाच्या घडणीतच बांधलेलं पाणी असतं, ते आणखी वरच्या तापमानाला सुटू लागतं. वजनकाट्याला या पाण्यातला आणि कुजलेल्या पालापाचोळ्यातला फरक कळत नाही. कमी झालं, एवढंच तो सांगतो.

पुष्कळांना वाटतं, तापमान कमी ठेवलं की झालं. काळ्या मातीत त्याने थोडं सावरतं, हे आपण पाहिलं: 5.80 च्या जागी 3.08. पण कोकणात किंवा कोल्हापूरच्या पश्चिमेकडच्या जांभ्यावर ही युक्ती फसते. तिथल्या तांबड्या मातीत, विशेषतः बॉक्साइटच्या पट्ट्यात, गिब्साइट नावाचं खनिज असतं. ते साधारण 250 ते 350 अंशांमध्येच आपलं पाणी सोडतं, आणि ते थोडंथोडकं नाही, वजनाच्या जवळजवळ 35 टक्के. मातीत पाच टक्के गिब्साइट असलं, तर सेंद्रिय पदार्थाचा कणही नसताना एलओआय पावणेदोन टक्के दाखवेल. 360 अंशांवर त्यातून सुटका नाही.

चुनखडीचं काय, असं विदर्भातला शेतकरी लगेच विचारेल. तिची भीती एलओआयमध्ये त्या मानाने कमी. कॅल्शियम कार्बोनेट फुटायला 550 पेक्षा बरंच जास्त तापमान लागतं. गाळातला चुना मोजणारे मुद्दाम 950 पर्यंत जातात. पण हे भट्टी खरी बोलत असेल तरच. दाराजवळच्या आणि मागच्या भिंतीजवळच्या मुशींत तापमान एकसारखं नसतं, आणि भट्टीवरचा आकडा एकाच जागेच्या तापमानाचा असतो. ओळखायची सोपी खूण अशी की एका मुशीत शुद्ध कॅल्शियम कार्बोनेट ठेवायचं, तेही भट्टीतल्या सगळ्यात तापणाऱ्या कोपऱ्यात. 550 ला त्याचं वजन घटलं, तर भट्टी खोटं बोलतेय.

[दृश्य: दोन मुशी शेजारी. एकीत लालसर माती, दुसरीत मधोमध काळा ठिपका.]

निवेदन:
दुसरी खूण डोळ्यांना दिसते. मुशीच्या मधोमध कोळशासारखा काळा भाग राहिला असेल, तर तिथे हवा पोचली नाही. माती जास्त भरली होती किंवा मुशी फार दाटीवाटीने ठेवल्या होत्या. 360 ला थोडा काळसरपणा राहतोच, पण 550 ला राहिला तर तो नमुना पुन्हा करायचा.

आणि तिसरी चूक भट्टीच्या बाहेर होते. गरम मूस घाईने काट्यावर ठेवली की तिच्याभोवती हवा वर सरकते आणि वजन कमी दिसतं. थंड मूस उघड्यावर ठेवली, तर जळलेली माती हवेतली ओल पिते आणि वजन वाढतं. काट्यावरचा शेवटचा आकडा हळूहळू चढताना दिसला, तर डेसिकेटरमधली सिलिका जेल निळी उरली आहे का ते आधी बघावं.

[दृश्य: फळ्यावर 1.724 लिहिलेलं. मॅडम त्याखाली रेघ ओढतात.]

निवेदन:
आता त्या 1.724 कडे येऊ. सेंद्रिय पदार्थात 58 टक्के कर्ब, हा आकडा एकोणिसाव्या शतकातल्या युरोपातला आहे. डच रसायनशास्त्रज्ञ व्हान बेम्मेलेन यांच्या नावाने तो ओळखला जातो, पण त्याची मुळं त्यांच्याही आधीच्या संशोधनात आहेत. 2010 साली डग्लस प्रिबिल यांनी जुनं सगळं काम पुन्हा तपासलं आणि बहुतेक मातींसाठी 2, म्हणजे 50 टक्के कर्ब, हा आकडा जास्त बरोबर ठरेल असं मांडलं.

तरी आपल्या मातीचा घोळ 1.724 की 2 यात नाही. 3.08 ला 2 ने भागलं तरी 1.54 येतं. आधी वजा करायचं ते पाणी आपण वजाच केलेलं नाही. नुसता गुणक पाणी वजा करू शकत नाही. त्यासाठी समीकरण लागतं.

ते असं मिळतं. एकाच पट्ट्यातले, एकाच जातीच्या मातीचे तीसेक नमुने घ्यायचे, कर्ब कमी असलेले आणि जास्त असलेले दोन्ही. प्रत्येकाचा एलओआय एकाच तापमानाला काढायचा. त्याच नमुन्यांचा कर्ब सीएचएन यंत्रावर, म्हणजे नमुना जाळून त्यातला सगळा कर्ब मोजणाऱ्या यंत्रावर, थेट मोजायचा. पण यंत्रात टाकण्याआधी सौम्य हायड्रोक्लोरिक आम्लाने चुना काढलाच पाहिजे. मातीत 8 टक्के चुना असेल, तर त्यातूनच 0.96 टक्के कर्ब यंत्र मोजेल, म्हणजे आपल्या खऱ्या सेंद्रिय कर्बापेक्षा जास्त.

मग आडव्या अक्षावर एलओआय, उभ्या अक्षावर कर्ब, आणि बिंदूंमधून जाणारी रेघ. समजा ती अशी निघाली:

OC = 0.45 × LOI − 0.82

यात 3.08 घाला. 1.386 मधून 0.82 गेले, उरले 0.57. वॉकली-ब्लॅकच्या 0.55 च्या शेजारी.

[दृश्य: आलेखावर रेघ आडव्या अक्षाला जिथे छेदते तिथे कॅमेरा थांबतो.]

निवेदन:
ही रेघ शून्यातून जात नाही, इकडे लक्ष द्या. आडव्या अक्षाला ती 1.82 वर छेदते. म्हणजे कर्ब शून्य असलेली अशी मातीसुद्धा भट्टीत 1.82 टक्के हलकी होईल. हे चिकणमातीचं पाणी.

आणि अडचणही तिथेच आहे. शेजारच्या शेतात चिकणमाती थोडी कमी असेल, पाणी 1.82 ऐवजी 1.32 टक्के असेल, तर आपल्या समीकरणाचं उत्तर 0.22 ने चुकेल. मृद आरोग्य पत्रिकेत ‘कमी’ आणि ‘जास्त’ यांच्यातलं अंतर 0.25 आहे. म्हणून इतक्या कमी कर्बाच्या भारी जमिनीत एलओआयवर एकट्या शेताचा निकाल द्यायला मॅडम तयार नसतात.

विद्यार्थी: मग भट्टी ठेवलीय कशाला?

[दृश्य: मॅडम दुसरी मूस पुढे सरकवतात. तिच्यात काळं, भुसभुशीत कंपोस्ट.]

निवेदन:
कंपोस्टचा एलओआय समजा 40 टक्के आला. त्यातल्या मातीच्या कणांनी एक टक्का पाणी सोडलं असेल, तरी 40 मध्ये ते कुठे दिसणार? निम्मा कर्ब धरला तर 20 टक्के, 58 टक्क्यांनी धरला तर 23. इथे प्रश्न खरोखरच गुणकाचा उरतो. कांदळवनातल्या चिखलाचंही तसंच. खाडीकाठच्या कर्बाची मोजणी करणारे जगभर हीच भट्टी वापरतात. कांदळवनांसाठी पॅसिफिकमधल्या पलाऊ बेटांवरून आलेलं एक समीकरण पुष्कळ ठिकाणी वापरात आहे: कर्ब बरोबर 0.415 गुणिले एलओआय, अधिक 2.89. गंमत बघा, आपल्या काळ्या मातीत वजाबाकी होती, इथे बेरीज आहे. हे समीकरण वाळूच्या किनाऱ्यावरच्या 1 टक्का एलओआयला लावलं, तर कर्ब 3.3 टक्के येतो, जळालेल्या मालापेक्षाही जास्त.

[दृश्य: संध्याकाळ. भट्टी बंद, दार किंचित उघडं. विद्यार्थी नोंदवहीत लिहितो.]

निवेदन:
नोंदवहीत आजची ओळ अशी उतरते. नमुना काळी माती, चाळणी 2 मिलिमीटर, 105 अंशांवर रात्रभर कोरडी. एलओआय 3.08 टक्के, 360 अंश, 2 तास. सेंद्रिय कर्ब 0.57 टक्के, स्थानिक समीकरणाने. आणि कंसात मॅडमच्या अक्षरात: 1.724 वापरलेला नाही.