मधला प्लॅन उठून दिसावा, बाजूचे पुसून नव्हे

मंडळी, आज एकाच पानाबद्दल बोलतो, दराच्या पानाबद्दल. उदाहरण आपल्या सांगलीचंच घेऊ. समजा, कुणी मार्केट यार्डातल्या अडत दुकानांसाठी सॉफ्टवेअर केलंय. हळदीचा किंवा बेदाण्याचा सौदा झाला की तोलाई, हमाली वजा होऊन शेतकऱ्याची पट्टी त्यातून निघते. प्लॅन तीन. पहिला महिन्याला ३०० रुपयांचा, त्यात एक जण काम करणार आणि महिन्याला २०० पट्ट्या निघणार. दुसरा ६०० चा, त्यात तीन जण आणि पट्ट्यांना मर्यादा नाही. तिसरा १,५०० चा, दहा जण आणि एकापेक्षा जास्त गाळे.

मालकाला वाटतं, ६०० चा जास्त खपावा. त्यात गैर काही नाही. बहुतेक दुकानांत मालक, मुलगा आणि दिवाणजी असे तिघं हिशोबाला असतात, म्हणजे तो प्लॅन खरंच त्यांच्या मापाचा आहे. प्रश्न एवढाच, की तो उठून दिसावा म्हणून आपण पानावर काय करतो.

माझी रीत अशी. तिन्ही चौकटी सारख्या रुंदीच्या. किमतीचे आकडे एकाच मापाचे. सोयींची यादी तिन्हींत एकाच क्रमाने, म्हणजे नजर आडवी फिरवली की तुलना होते. मधल्या चौकटीला फिकट पार्श्वरंग, जरा जाड कडा आणि भरीव रंगाचं बटन. बाजूच्या दोघांची बटनं तेवढ्याच आकाराची, फक्त रेषेची. बस. एवढ्याने नजर मध्ये जाते.

बिघडतं कुठे? मधला उजळ करून मन भरत नाही, मग बाजूचे फिके केले जातात. ३०० च्या बटनावर #999999 ची करडी अक्षरं पांढऱ्यावर ठेवली, तर कॉन्ट्रास्ट २.८५ भरतो. साध्या मजकुराला किमान ४.५ लागतो. #767676 वर तो जेमतेम पुरा होतो. उन्हात गाळ्याबाहेर उभा राहून मोबाईल बघणाऱ्याला ते करडं बटन दिसणारच नाही. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाच्या २०२३ च्या डार्क पॅटर्नविषयीच्या मार्गदर्शक सूचनांत १३ प्रकार दिलेत. त्यांतला एक नेमका हाच आहे: ग्राहकाची दिशाभूल व्हावी म्हणून एक माहिती ठळक करायची आणि कामाची दुसरी झाकायची. ठळक करणं आपलं काम आहे, झाकणं नाही.

दुसरी खोडी रंगात नसते, प्लॅनमध्येच असते. पहिला प्लॅन ३०० ऐवजी ५५० ला ठेवला आणि सोयी त्याच, तर तो विकायला ठेवलेलाच नाही. ६०० स्वस्त वाटावा म्हणून तो उभा केलाय. ह्युबर, पेन आणि पुटो यांनी १९८२ मध्ये याच जातीचा परिणाम प्रयोगांनी दाखवला होता, त्यामुळे चालतो हे खरं. पण एकट्याने दुकान चालवणाऱ्याला तुम्ही २५० रुपये जास्त लावलेत. मी विचारतो, हा प्लॅन घेऊन सुखी होईल असं एखादं दुकान सांगा. सांगता आलं नाही, तर तीनऐवजी दोनच प्लॅन ठेवा. आणि २०० पट्ट्यांची मर्यादा हळदीच्या ऐन हंगामात ओलांडली तर काम थांबणार की जादा पैसे पडणार, हे ३०० च्या चौकटीतच लिहा. हे वाचून काही जण आपणहून ६०० कडे वळतील. ते वळणं मला चालतं.

आता किंमत. ६०० च्या प्लॅनचे वर्षाला एकदम ६,००० घेतले तर महिन्याला ५०० पडतात, म्हणून सगळे मोठ्या अक्षरात ५०० लिहितात. ग्राहक ५०० धरून येतो आणि पैसे भरताना १८ टक्के जीएसटीसह ७,०८० दिसतात. अडत्याचा सगळा धंदा आकड्यांवर. तो तिथेच पान बंद करतो. म्हणून ५०० च्या खालीच, वाचता येईल अशा अक्षरात, ‘वर्षाचे ६,००० एकदम, जीएसटीसह ७,०८०’ असं हवं. आणि पान उघडताना महिन्याचे दर दिसू द्या. वर्षाचे ज्याला हवेत तो बटन सरकवेल.

‘सर्वाधिक पसंतीचा’ हे लेबल नव्या सॉफ्टवेअरच्या प्लॅनवर बघितलं की मला हसू येतं. पसंत केला कुणी? गिऱ्हाईकच अजून आलेलं नाही! त्याजागी ‘दोन-तीन जण हिशोब करतात त्या दुकानासाठी’ असं लिहा. ते पहिल्या दिवसापासून खरं असतं, शिवाय वाचणाऱ्याला आपण त्यात बसतो का हे लगेच कळतं.

मोबाईलवर तिन्ही चौकटी एकाखाली एक येतात. तिथे मधला वर आणायला `order: -1` लिहिण्याचा मोह होतो. तेव्हा दर ६००, ३००, १,५०० असे उलटेसुलटे दिसतात, आणि स्क्रीन रीडर मात्र मूळच्याच क्रमाने वाचतो. त्यापेक्षा ३०० ची चौकट आखूड करा. चार ओळींत आटोपली की ६०० ची कडा पहिल्याच स्क्रीनवर डोकावते.

हे सगळं जमलं का, ते विक्रीच्या आकड्यावरून कळत नाही. ६०० चा घेतलेल्यांची दोन-तीन महिन्यांनंतरची नोंद काढा. दुसऱ्या माणसाचं खातं उघडलंच नाही आणि पट्ट्या हंगामातही २०० च्या आतच, अशी दुकानं बरीच निघाली, तर पान त्यांना ढकलत होतं. त्यांना आपणहून कळवा, की तुम्हाला ३०० चा पुरेल.