‘हे फसलं, तर का फसेल?’ : नाउमेद करणाऱ्या मित्राला स्वप्न सांगताना

मंडळी, आज एकाच प्रसंगाबद्दल बोलायचं आहे. कित्येक महिने मनात घोळत असलेली गोष्ट तुम्ही मित्राला सांगता आणि तुमचं बोलणं पुरं व्हायच्या आत त्याचा ‘पण’ येतो.

शेली गेबल या मानसशास्त्रज्ञ बाईंनी सहकाऱ्यांसोबत २००४ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. आनंदाची बातमी सांगितल्यावर जवळची माणसं कशी वागतात, याचे त्यांनी चार प्रकार केले. बढतीची बातमी घ्या. एक जण म्हणतो, ‘अरे वा! कसं झालं, सगळं सांग.’ दुसरा नुसतं ‘छान’ म्हणतो. तिसरा म्हणतो, ‘आता कामाचा बोजा वाढणार बघ.’ चौथा विषयच बदलतो. नातं चांगलं असण्याशी यातल्या फक्त पहिल्या प्रकाराचा संबंध दिसला. म्हणजे तुम्हाला वाईट वाटतं, त्यात तुमचा हळवेपणा नाही.

मात्र बढती मिळालेली असते, स्वप्न अजून घडायचं असतं. म्हणून स्वप्नाच्या बाबतीत त्या तिसऱ्या मित्राकडे जरा वेगळ्या नजरेनं बघायला हवं. आपण ‘कसं वाटतंय?’ असं मोघम विचारतो आणि त्याला ऐकू येतं, ‘यात धोका काय आहे?’ तो त्याला ऐकू आलेल्या प्रश्नाचं उत्तर देतो. तेव्हा प्रश्न आपणच नेमका करायचा.

एक उदाहरण घेऊ. समजा, अकरा वर्षं हिशेबाचं काम केलेल्या एका बाईला नोकरी सोडून लाकडी फर्निचरची कार्यशाळा काढायची आहे. ती मैत्रिणीला म्हणते, ‘मी नोकरी सोडतेय.’ मैत्रीण म्हणते, ‘वेडी आहेस का? त्यात काही राम नाही.’ मग ही बचाव करू लागते, ती हल्ला वाढवते, आणि दहा मिनिटांत दोघी लाकूड विसरून ‘तुझं नेहमीचंच’ इथपर्यंत पोचतात. चूक पहिल्याच वाक्यात झाली. तिनं निर्णय सांगितला. समोरच्याला पटत नसेल, तर निर्णयाला विरोध करण्यापलीकडे त्याच्या हातात काही उरत नाही.

आता हेच दुसऱ्या तऱ्हेनं. ती आधी सांगते, ‘पाच मिनिटं फक्त ऐक, मग तुला एक प्रश्न विचारणार आहे.’ झालेल्या गोष्टींपासून सुरुवात करते: सुट्टीच्या दिवशी सहा खुर्च्या केल्या, चार विकल्या गेल्या, आठ महिन्यांचा घरखर्च शिल्लक आहे. मग प्रश्न: ‘समज, दोन वर्षं उलटलीत आणि माझी कार्यशाळा बंद पडली आहे. का बंद पडली असेल? तीन कारणं सांग.’

ही पद्धत मानसशास्त्रज्ञ गॅरी क्लाइन यांची. २००७ साली त्यांनी ती कामाच्या ठिकाणच्या प्रकल्पांसाठी मांडली. ‘अपयश येईल का?’ असं विचारायचं नाही, ‘अपयश आलेलंच आहे, कारण सांगा’ असं म्हणायचं. नाउमेद करणारा मित्र इथे खरंच उपयोगी पडतो, कारण खोट काढायची सवय त्याला आधीपासून असते. शिवाय विरोध करायचं कारण उरत नाही. तुम्ही स्वतःच त्याला ते काम दिलेलं असतं.

मैत्रीण म्हणते, ‘ऑर्डरी वेळेवर आल्या नसतील. सगळं एकटीनं उचलून पाठ गेली असेल. आणि भाव सांगायला तू लाजतेस, त्यामुळे पैसे कमी घेतले असशील.’ तिसरं कारण ऐकताना बोचतं, पण सर्वांत मोलाचं तेच आहे. इतक्या जवळून ओळखणारं माणूसच ते सांगू शकतं. तिन्ही कारणं तिच्यासमोरच वहीत लिहून घ्यायची आणि त्या दिवशी एकालाही उत्तर द्यायचं नाही. उत्तर दिलं की पुन्हा वाद सुरू.

घरी आल्यावर प्रत्येक कारणापुढे एक काम लिहायचं. एका खुर्चीला लागलेले तास आणि लाकडाचा खर्च मांडून भाव कागदावर ठरवायचा, म्हणजे तोंडी सांगताना कचरायला नको. जड फळ्या उचलायला आठवड्यातून एक दिवस मदतनीस. आणि अनोळखी माणसांच्या पाच ऑर्डरी पुऱ्या होईपर्यंत नोकरी सोडायची नाही; विकल्या गेलेल्या चार खुर्च्या ओळखीच्यांनीच घेतल्या असतील, तर त्या या हिशेबात धरायच्या नाहीत.

याला मर्यादा आहे, तीही सांगतो. ‘नेमकं कुठे अडेल?’ असं दोन-तीनदा विचारून बघा. चिंता करणारा मित्र दर वेळी अधिक बारकाव्यात शिरतो: भाव, पाठ, वेळ. दुसऱ्या तऱ्हेचा माणूस दर वेळी तुमच्यावर घसरतो: ‘तुझ्यानं काही होत नाही’, ‘आधीचं काय झालं आठवतं ना?’ त्या बोलण्यात वहीत लिहून घेण्यासारखं एकही कारण सापडणार नाही. अशा मित्राशी मैत्री ठेवा, बाकीच्या गप्पा मारा, पण हा विषय त्याच्यापाशी काढू नका.

आणि कल्पना आठवडाभराचीच असेल, तर चांगल्या मित्रालाही हा प्रश्न विचारायची घाई करू नका. तेव्हा दाखवायला सहा खुर्च्या नसतात. त्याच्या तीन कारणांसमोर ठेवायला तुमच्याकडे काहीच नसतं, आणि जी कारणं पुढे कामाला आली असती, त्यांच्याच ओझ्याखाली पहिली खुर्चीसुद्धा होत नाही.