पान उलटेपर्यंत ‘नाही’ सांगू नका : चित्रपुस्तकाचा मजकूर कसा बांधावा

(कॅमेऱ्यासमोर टेबल. त्यावर आठ कोरे कागद, पेन्सिल, स्टेपलर.)

नमस्कार. अप्पा बळवंत चौकातून आणलेले हे आठ साधे ए-फोर कागद आहेत. मी ते एकावर एक ठेवून मधोमध दुमडतो आणि घडीवर दोन पिना मारतो. आता ही बत्तीस पृष्ठांची वही झाली. छापखान्यात हिला डमी म्हणतात. चित्रपुस्तकाचा मजकूर लिहिताना मी संगणकाआधी ही डमी उघडतो, कारण सलग टाइप केलेल्या मजकुरात पान उलटण्याची जागा दिसतच नाही.

एका शब्दाचा घोळ आधीच मिटवू. मराठीत आपण कागदाच्या एका बाजूलाही पान म्हणतो आणि अख्ख्या कागदालाही पान म्हणतो. आज मी क्रमांक असलेल्या बाजूला ‘पृष्ठ’ म्हणेन आणि बोटाने उलटायच्या कागदाला ‘पान’. समोरासमोर उघडणारी दोन पृष्ठे म्हणजे जोडपान. या वहीत बत्तीस पृष्ठे आहेत, पण पाने सोळाच आहेत. मधोमध पिन मारलेल्या पुस्तकात पृष्ठांची संख्या चारच्या पटीत असावी लागते, म्हणून तीस पृष्ठांची गोष्ट सुचली तरी पुस्तक अठ्ठावीस पृष्ठांचे होते किंवा बत्तीस पृष्ठांचे.

(डमी उघडून पृष्ठांवर पेन्सिलीने आकडे घालत.)

पहिले पृष्ठ उजवीकडे येते, त्यावर नाव. दुसऱ्यावर प्रकाशनाची माहिती, तिसऱ्यावर एखादे छोटे चित्र. गोष्ट चौथ्या-पाचव्या पृष्ठांच्या जोडपानावर सुरू होऊन तिसाव्या-एकतिसाव्यावर येते, आणि मागे बत्तिसावे पृष्ठ एकटे उरते. म्हणजे चौदा जोडपाने, आणि ती सुरू झाल्यावर चौदा वेळा पान उलटणे. लेखकाच्या हातात आश्चर्याच्या एवढ्याच जागा आहेत. त्या नेहमी विषम पृष्ठानंतर येतात, सम पृष्ठानंतर कधीच येत नाहीत.

हे उघड वाटते, पण मी स्वतः इथेच चुकलो होतो. मी ज्या गोष्टीवर काम करत होतो तिचे नाव ‘माळ्यावर कोण?’. शनिवार पेठेतला जुना वाडा, श्रावणातली दुपार, सगळे घर झोपलेले आणि रमा नावाची सहा वर्षांची मुलगी जागी. गोष्टीला निजलेले घर हवे होते, आणि पुण्यात दुपारी एक ते चार ते मुद्दाम रचावे लागत नाही. माळ्यावरून ‘खुडबुड खुडबुड’ असा आवाज येतो आणि रमा शोध घ्यायला निघते. पहिल्या खर्ड्यात मी आठव्या पृष्ठावर लिहिले होते, “उंदीर असेल का?” आणि नवव्यावर चित्रकाराकडे रमाच्या कल्पनेतला बैलाएवढा उंदीर मागितला होता. मात्र आठवे आणि नववे पृष्ठ एकाच वेळी उघडतात. मोठे माणूस डावीकडचे वाक्य वाचायला लागते तोवर मुलाने उजवीकडचा उंदीर पाहून घेतलेला असतो, कारण त्याला वाचायचे नसते, फक्त बघायचे असते. प्रश्न सातव्या पृष्ठाच्या तळाशी नेल्यावर तोच उंदीर आठव्या-नवव्यावर पसरून अंगावर आला. मजकुरातला एकही शब्द बदलावा लागला नाही.

सातव्या पृष्ठाचा तळ, तोही उजवा कोपरा, यालाही कारण आहे. वाचणाऱ्याचा हात तिथेच असतो. तो शेवटची ओळ वाचत असताना बोट पानाखाली गेलेले असते, म्हणून ती ओळ एका श्वासात संपणारी हवी. ती लांबली की पान आधीच अर्धे उचलले जाते आणि पुढचे चित्र बाजूने डोकावते. पातळ कागदही अशीच चुगली करतो. या डमीच्या साध्या कागदावर गडद चित्र काढले तर ते मागून आरपार दिसते. म्हणून चाचणीच्या डमीत मी जाड कागद घालतो, नाहीतर दोष मजकुराचा की कागदाचा हेच कळत नाही.

आता ज्या गोष्टीसाठी हा व्हिडिओ करायला घेतला तिच्याकडे येतो. पान उलटण्याच्या जागी मराठी वाक्य कुठे तोडायचे?

इंग्रजी चित्रपुस्तके वाचून आपल्याला एक सवय लागते. क्रियापद आधी सांगायचे, वाक्य लटकत ठेवायचे आणि कर्म पुढच्या पानावर दाखवायचे. हीच चाल मी माळ्याच्या प्रसंगात वापरली. रमा शिडी चढते, टॉर्च लावते, आणि तेविसाव्या पृष्ठाच्या तळाशी मी लिहिले होते, “आणि तिला दिसली...”. पुढच्या जोडपानावर कोण आहे ते सांगतो, नाहीतर पुढचे समजणार नाही : आजी. सगळ्यांना ती झोपली आहे असे वाटत असताना माळ्यावर मांडी घालून लाडू खाणारी आजी. बालवाडीतल्या दहा-बारा मुलांसमोर मी डमी वाचली. “तिला दिसली” म्हणताच, पान हलण्याआधी, मागून एक मुलगी ओरडली, “आजी!”

मी तिच्या हुशारीचे कौतुक केले आणि घरी येऊन वाक्य पुन्हा वाचले तेव्हा समजले की गुपित मीच फोडले होते. ‘दिसली’ या एका क्रियापदाने उंदीर बाद झाला, माकड बाद झाले, बाबा आणि दादाही बाद झाले. मराठीत क्रियापद लिंग सांगून टाकते, आणि घरातल्या माणसांत उरलेल्या आई आणि आजी यांच्यापैकी आई समोरच्या चित्रात झोपलेली होती. चार वर्षांच्या मुलाला व्याकरण हा शब्द माहीत नसतो, पण ‘दिसली’ आणि ‘दिसला’ यांतला फरक त्याच्या कानाला पक्का माहीत असतो.

यावरचा उपाय भाषेतच आहे, आणि तो आपण रोज वापरतो. दारावर थाप पडली की आपण “कोण आलंय?” असे विचारतो. माहीत नसलेल्या माणसासाठी मराठी नपुंसकलिंग पुढे करते. म्हणून मी सबंध मजकुरातून आजीच्या आधीची सगळी क्रियापदे तपासली आणि आवाज करणाऱ्याला ‘कोणीतरी’ केले. “वर कोणीतरी आहे. कोणीतरी खुडबुडतंय.” तेविसाव्या पृष्ठाच्या तळाशी आता एवढेच आहे : “रमाने टॉर्च लावला.” वाक्य पूर्ण आहे, तीन शब्दांचे आहे, आणि कोणाचेही लिंग सांगत नाही. पुढच्या जोडपानावर शब्दच नाहीत. आजी, डबा आणि भिंतीवर पडलेली तिची भलीमोठी सावली. “पाहते तर काय!” हे तयार अस्त्र मी टाळले. ते एका पुस्तकात एकदा चालते, आणि ते ऐकताच मूल आश्चर्य वाटून घ्यायच्या तयारीला लागते.

इथे एक बारीक प्रामाणिकपणा सांभाळावा लागतो. पहिल्या जोडपानावर घर झोपल्याचे सांगताना मी लिहिले होते, “आई झोपली. बाबा झोपले. आजी झोपली.” हे खोटे आहे. मूल दुसऱ्यांदा पुस्तक उघडते तेव्हा ते ही ओळ पकडते आणि निवेदकाला लबाड ठरवते. आता तिथे आहे, “आजीच्या गोधडीचा डोंगर झाला.” हे खरे आहे, कारण गोधडीखाली उशा आहेत. चित्रकाराला मी एवढेच कळवले की डोंगराला पाय दाखवू नका. दुसऱ्या वाचनात मुले त्या चित्रातच बोट ठेवतात.

क्रियापद लिंग सांगून टाकते याचा तोटा आपण पाहिला, पण मराठीत ते वाक्याच्या शेवटी येते, आणि त्या रचनेत एक असा फायदा आहे जो मला डमी हातात धरल्याशिवाय सुचला नसता. मराठीत नकारही शेवटी येतो. “दिला” म्हणेपर्यंत वाक्य होकाराचे असते, आणि त्यानंतर आलेला ‘नाही’ सगळे उलटवतो. आजी सापडल्यानंतरच्या जोडपानावर, सत्ताविसाव्या पृष्ठाच्या तळाशी हे आहे :

“आजीने लाडवांचा अख्खा डबा रमाला दिला”

पूर्णविराम नाही. पान उलटले की अठ्ठाविसाव्याच्या डोक्यावर :

“नाही. एकच दिला. तोही अर्धा खाल्लेला.”

हे वाचताना मोठ्या माणसाचा आवाज आपोआप आनंदाने वर जातो आणि पुढच्या पानावर आपटतो. पूर्णविराम ठेवला असता तर आवाज खाली उतरला असता आणि ‘नाही’ हा वेगळाच विचार वाटला असता. मात्र सत्ताविसाव्यावरच्या चित्रात डबा रमाच्या हातात नको. तो दोघींच्या मध्ये हवा, म्हणजे चित्र कुठल्याच बाजूने साक्ष देत नाही.

ही युक्तीही मी एकदाच वापरतो. चौदाही वेळा एकाच तऱ्हेचे आश्चर्य ठेवले तर तिसऱ्या वेळी मूल चाल ओळखते. म्हणून उंदीर, माकड, भूत अशा तीन ‘असेल का?’नंतर चौथ्या वेळी प्रश्नच नाही. पंधराव्या पृष्ठावर फक्त “की मग...” आहे, आणि पुढे काळोखात उभी शिडी. त्यानंतर रमा पायऱ्या मोजते, “एक, दोन, तीन,” आणि एकविसाव्या पृष्ठावर “सहा” म्हणते तेव्हा खुडबुड थांबते. पान उलटल्यावरचे आश्चर्य म्हणजे आवाज नसणे. मोठ्याने वाचणारे लोक इथे कुजबुजू लागतात, मजकुरात तशी सूचना नसतानाही.

मजकूर पुरा जमला की मी एक कसोटी घेतो. डमी दुसऱ्या कोणाच्या हातात देतो, ती त्यांनी मुलाला वाचून दाखवायची आणि मी मुलाचा चेहरा नव्हे, वाचणाऱ्याचा अंगठा पाहतो. ज्या विषम पृष्ठावर अंगठा आपण होऊन पुढे सरकत नाही, तिथे उलटण्याचे कारण नाही. पहिल्या फेरीत माझ्या चौदापैकी पाच जागा अशा निघाल्या, आणि त्यांतल्या तीन मी वाक्य दुरुस्त करून नव्हे, तर मजकूर एक पृष्ठ मागे सरकवून सोडवल्या.

शेवटची दोन उलटणी राहिली. एकोणतिसाव्याच्या तळाशी शिडी करकरते, “कोण येतंय?”, पुन्हा नपुंसकलिंगच, आणि पुढच्या जोडपानावर डोळे चोळत वर येणारे बाबा आहेत, ज्यांना लाडवांची जागा आधीपासून ठाऊक आहे. बत्तिसाव्या पृष्ठावर रिकामा डबा आणि त्यात बसलेला, आठव्या पृष्ठावरच्यापेक्षा पुष्कळच लहान, एक उंदीर. तिथे मी आधी “खुडबुड” हा शब्द लिहिला होता. चित्रकाराने उंदराच्या मिशीला लाडवाचा कण लावून पाठवला, तेव्हा तोही खोडला.