ट्रोपोनिनचा चढउतार : इजा नवी की जुनी, आणि ती कशामुळे?

ट्रोपोनिनच्या तपासणीचा अहवाल हाती येतो तेव्हा त्यावर एकच आकडा असतो आणि शेजारी बहुधा ‘वाढलेले’ असा शेरा असतो. त्या एका आकड्यावरून हृदयाच्या स्नायूला इजा झाली आहे एवढे कळते. ती आज झाली की महिनोन्‌महिने होत आहे आणि ती कशाने झाली, हे दोन प्रश्न मात्र त्यातून सुटत नाहीत. पहिल्या प्रश्नाचे उत्तर काही तासांच्या अंतराने घेतलेले आकडे एकापुढे एक मांडून मिळते, तर दुसऱ्याचे उत्तर रक्तात नसतेच आणि ते रुग्णाजवळ जाऊन शोधावे लागते. आजचे विवेचन मी या दोन प्रश्नांपुरतेच ठेवणार आहे.

स्नायूपेशीत आकुंचन घडवणारे जे बारीक धागे असतात, त्यांवर ट्रोपोनिनचे तीन घटक एकत्र बसलेले असतात. ‘सी’ हा कॅल्शियम धरतो, ‘आय’ हा आकुंचनाला आवर घालतो आणि ‘टी’ हा सगळा संच धाग्याला जखडून ठेवतो. ‘सी’ घटक हृदयात आणि शरीराच्या काही इतर स्नायूंत सारखाच असल्याने निदानाला निरुपयोगी ठरतो. ‘आय’ आणि ‘टी’ यांची हृदयातील रूपे मात्र वेगळी असतात आणि म्हणूनच तपासणी या दोहोंचीच होते. जपानमध्ये सेत्सुरो एबाशी यांनी १९६० च्या दशकात या प्रथिनाचा शोध लावला, तो स्नायू कसा आकसतो या कुतूहलापोटी. रुग्णनिदानात त्याचा उपयोग होण्यास पुढे बराच काळ जावा लागला.

पेशीतील बहुतांश ट्रोपोनिन धाग्यांना घट्ट बांधलेले असते आणि साधारण तीन ते आठ टक्के पेशीद्रवात मोकळे फिरत असते. पेशीचे आवरण फाटले की हा मोकळा साठा आधी बाहेर पडतो. धागे विघटित होऊ लागले की बांधलेला साठा हळूहळू, दिवसेंदिवस झिरपत राहतो. रक्तात आलेले ट्रोपोनिन खरे तर काही तासांतच निम्मे होते, तरीही हृदयविकाराच्या मोठ्या झटक्यानंतर त्याची पातळी आठवडाभर खाली येत नाही, कारण जेवढे नाहीसे होते तेवढ्याची भर मागून पडत असते. लांबलेली उतरंड पाहून रुग्णाचे हृदय अजून नव्याने दुखावले जात आहे, असा निष्कर्ष पुष्कळदा काढला जातो. बहुतेक वेळा तो जुन्याच इजेचा उरलेला हिशेब असतो.

हृदयाला रक्त पुरवणारी रोहिणी अचानक बंद पडली, तर आजच्या अतिसंवेदनशील चाचणीत एक ते तीन तासांत वाढ दिसू लागते. शिखर साधारणपणे बारा ते चोवीस तासांच्या सुमारास येते आणि मग ‘आय’ पाच ते दहा, तर ‘टी’ सात ते चौदा दिवस वाढलेले राहू शकते. ‘टी’च्या आलेखात तिसऱ्या-चौथ्या दिवशी दुसरा, बुटका उंचवटाही दिसतो. बंद रोहिणी वेळेत उघडली, तर साचलेले ट्रोपोनिन एकदम रक्तात वाहून येते. त्यामुळे शिखर लवकर येते आणि अशा वेळी उपचारानंतर आकडा झपाट्याने चढला म्हणून घाबरण्याचे कारण नसते.

वाढ म्हणायची कशाला, याची सीमा निरोगी लोकांच्या रक्तावरून ठरवलेली असते. शंभरातील नव्याण्णव निरोगी व्यक्तींचे मूल्य ज्या आकड्याच्या आत राहते, तो सीमांक धरतात. प्रचलित अतिसंवेदनशील ट्रोपोनिन ‘टी’ चाचणीसाठी तो १४ नॅनोग्रॅम प्रति लिटर आहे. ‘आय’च्या चाचण्या अनेक कंपन्यांच्या असल्याने त्यांचे सीमांक निरनिराळे असतात आणि स्त्रियांसाठी ते बहुधा पुरुषांपेक्षा कमी ठेवलेले असतात. एका प्रयोगशाळेतील ‘टी’ आणि दुसरीतील ‘आय’ एकाच आलेखात घालून चढउतार शोधणे म्हणूनच निरर्थक आहे, पण रुग्ण एका रुग्णालयातून दुसरीकडे हलवला जातो तेव्हा ही चूक हमखास होते.

२०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चौथ्या सार्वत्रिक व्याख्येनुसार झटका म्हणण्यासाठी दोन गोष्टी लागतात : किमान एक मूल्य सीमांकाच्या वर असून आकड्यांत चढ किंवा उतार दिसला पाहिजे आणि त्याच्या जोडीला हृदयाला रक्त कमी पडल्याचा स्वतंत्र पुरावा हवा. तो पुरावा म्हणजे छातीतील वैशिष्ट्यपूर्ण वेदनेसारखी लक्षणे, ईसीजीमधील नवे बदल, सोनोग्राफीत हृदयाच्या भिंतीचा एखादा भाग नव्याने मंदावलेला दिसणे किंवा अँजिओग्राफीत गुठळी सापडणे. यांपैकी काहीच नसेल तर त्या स्थितीला ‘हृदयस्नायूची तीव्र इजा’ म्हणायचे. आकडे वाढलेले, पण जवळजवळ स्थिर, म्हणजे साधारण वीस टक्क्यांच्या आतच हलणारे असतील, तर ती ‘दीर्घकालीन इजा’ ठरते.

एक प्रसंग तपशिलात पाहू. तो अध्यापनासाठी रचलेला आहे, परंतु असे रुग्ण प्रत्येक अतिदक्षता विभागात येतात. सत्तरीच्या एका बाईंना कित्येक वर्षांचा मधुमेह आहे, मूत्रपिंडे अशक्त आहेत आणि क्रिएटिनिन २.४ असते. तीन दिवस ताप, खोकला आणि वाढती धाप यांमुळे त्यांना आणले जाते. एक्स-रेमध्ये उजव्या फुप्फुसात न्यूमोनिया दिसतो, नाडी अनियमित आणि मिनिटाला १५० आहे आणि ईसीजीवर एट्रियल फिब्रिलेशन, म्हणजे हृदयाच्या वरच्या कप्प्यांची विस्कळीत थरथर, आहे. छातीत दुखत नाही. ट्रोपोनिन ‘टी’ येताच ५८, तासाभराने ६३ आणि तीन तासांनी ८१ येते.

शून्य आणि एक तासाच्या नमुन्यांवर चालणारी जी जलद पद्धत वापरात आहे, तिच्यात या चाचणीसाठी पहिले मूल्य ५२ किंवा अधिक असले, अथवा तासाभरात ५ ची वाढ झाली, तर रुग्ण ‘झटक्याची दाट शक्यता’ या गटात जातो. बाई दोन्ही निकषांवर त्या गटात बसतात. तथापि ही पद्धत गर्दीतून कोणाकडे आधी पाहायचे हे ठरवण्यासाठी आहे आणि त्या गटात पडणे म्हणजे निदान होणे नव्हे. मूत्रपिंडाच्या जुन्या विकारात ‘टी’चे मूल्य बारमाही १४ च्या वर असणे अगदी नेहमीचे आहे. त्याचा निचरा कमी होतो हे खरे, शिवाय अशा रुग्णांचे हृदय जाड झालेले असते आणि त्याच्या पेशी सातत्याने झिजत असतात. शिवाय ५८ वर ५ ची वाढ म्हणजे जेमतेम नऊ टक्के. मूल्य सीमांकाच्या पुष्कळ वर असते तेव्हा एवढा फरक रोजच्या चढउतारातून आणि चाचणीच्या स्वतःच्या अस्थिरतेतून सहज येतो. तीन तासांनंतरचा आकडा मात्र वेगळे सांगतो : ५८ वरून ८१ म्हणजे जवळपास चाळीस टक्के वाढ, आणि ती योगायोगात खपवता येत नाही. जुन्या इजेवर नवी इजा चढली आहे, हे येथे निश्चित होते.

नवी इजा कशाने झाली, याकडे आता वळू. १५० च्या गतीने धावणाऱ्या हृदयाला प्राणवायू जास्त लागतो. स्वतःच्या स्नायूला रक्त पोहोचवण्यासाठी मात्र त्याला वेळ कमी मिळतो, कारण तो पुरवठा प्रामुख्याने दोन ठोक्यांमधील विश्रांतीत होतो. न्यूमोनियामुळे रक्तातील प्राणवायूही घटलेला असतो. मागणी आणि पुरवठ्यातील या तफावतीमुळे रक्ताच्या अभावाचा पुरावा उमटला, तर त्याला दुसऱ्या प्रकारचा झटका म्हणतात. रोहिणीच्या भिंतीतील मेदाचा थर फुटून गुठळी होते तो पहिला प्रकार. या बाईंच्या ईसीजीत जलद गतीच्या वेळी एसटी रेषा किंचित खाली होती आणि गती ९० वर आल्यावर ती पूर्ववत झाली. सोनोग्राफीत भिंत कोठेही नव्याने मंदावलेली नव्हती. जलद गतीतील एसटीची घसरण रोहिण्या ठीक असतानाही होते, म्हणून एवढ्यावर मी ‘दुसऱ्या प्रकारचा झटका’ असे लिहिणार नाही. न्यूमोनिया आणि जलद गतीमुळे झालेली तीव्र इजा, असे लिहीन. दोन अनुभवी डॉक्टरांचे या शब्दांवर एकमत होणार नाही, हेही मान्य केले पाहिजे. त्यांचे मतभेद उपचारांत मात्र फारसे उतरत नाहीत : प्रतिजैविके, प्राणवायू आणि गतीचे नियंत्रण. तातडीच्या अँजिओग्राफीत द्यावे लागणारे औषध त्यांच्या अशक्त मूत्रपिंडांना त्रास देऊ शकते आणि त्यातून मिळणारे उत्तर सध्या कोणी विचारलेले नाही. फिब्रिलेशनमुळे होणाऱ्या पक्षाघाताच्या धोक्यासाठी रक्त पातळ करण्याच्या औषधाचा विचार करावा लागेल, पण तो निर्णय ट्रोपोनिनवर अवलंबून नाही.

कारणांचा शोध घेताना आलेखाचा आकारही थोडी मदत करतो. फुप्फुसाच्या रोहिणीत गुठळी अडकली की उजव्या जवनिकेवर अचानक ताण येतो आणि ट्रोपोनिन माफक वाढून सहसा काही दिवसांत उतरते. दीर्घ पल्ल्याच्या शर्यतीनंतर निरोगी धावपटूंतही ते सीमांक ओलांडते, मात्र एक ते तीन दिवसांत जागेवर येते. मायोकार्डायटिसमध्ये, म्हणजे हृदयस्नायूच्या दाहात, आकडे फार उंच जाऊ शकतात आणि झटक्यासारखे वळण न घेता दिवसभर एका पातळीवर रेंगाळतात. तरुण रुग्णात, विषाणूंच्या संसर्गानंतर आणि रोहिण्या मोकळ्या असताना हे दिसले, तर एमआरआयने खात्री करतात. ट्रोपोनिन ‘टी’ एकटेच वाढलेले असेल आणि ‘आय’ सामान्य असेल, तर हातापायांच्या स्नायूंच्या विकाराचाही विचार करावा, कारण रोगट स्नायूतून ‘टी’ची वाढ नोंदली जाऊ शकते. काही व्यक्तींच्या रक्तात चाचणीतील रसायनांना भ्रमात टाकणारी प्रतिपिंडे असतात. अशा वेळी आकडा महिनोन्‌महिने वाढलेला असतो, तो कोणत्याही लक्षणाशी जुळत नाही आणि वेगळ्या कंपनीच्या चाचणीत नाहीसा होतो.

चढउताराच्या वाचनात एक सापळा मात्र नेहमी ध्यानात ठेवावा लागतो. झटका येऊन साधारण दिवस उलटल्यावर रुग्ण आला, तर तो नेमका शिखराच्या सपाट भागावर किंवा उतरणीच्या आरंभी असतो. तीन तासांत ९१० वरून ८८० असा फरक दिसतो, म्हणजे वीस टक्क्यांहून बराच कमी. तो ‘स्थिर’ म्हणून दीर्घकालीन इजेच्या खात्यात टाकणे घातक ठरेल. एवढा मोठा आकडा दीर्घकालीन विकारात क्वचितच दिसतो आणि अशा रुग्णात वेदना केव्हा सुरू झाली हा प्रश्न आलेखाइतकाच बोलका असतो. याच्या उलट, वेदना सुरू होऊन तासही झाला नसेल, तर पहिले मूल्य अगदी कमी असूनही निर्धास्त होता येत नाही आणि नमुना पुन्हा घ्यावाच लागतो.

त्या बाईंचे ट्रोपोनिन दुसऱ्या दिवशी ६६ आले. महिन्याभराने, ताप आणि धाप मागे पडल्यावर ते ४९ होते आणि त्यानंतर पंधरा दिवसांनी ५१. हे दोन्ही आकडे त्यांच्या कागदपत्रांवर ठळकपणे लिहून ठेवावेत, कारण त्या पुढच्या वेळी छातीत दुखते म्हणून येतील तेव्हा तुलना १४ शी नव्हे, तर ५० च्या आसपासच्या या पातळीशी करावी लागेल.